तिरंगा खादीचा की पॉलिस्टरचा? मोबाईलच्या फोटोतून कापडाची वीण अशी ओळखा

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की नांदेड-लातूरच्या बाजारात तिरंगे दिसायला लागतात. बहुतेक ठिकाणी दुकानदार दोन प्रकार दाखवतो: एक स्वस्त आणि दुसरा "खादीचा". किमतीत बराच फरक असतो. पण दुसरा झेंडा खरंच खादीचा आहे का, हे तपासायचं कसं?

कापड ओळखायची घरगुती पद्धत सगळ्यांना माहीत आहे. एक धागा ओढून काढायचा आणि काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. पण राष्ट्रध्वजाच्या बाबतीत हे करता येत नाही. ध्वज फाडणं, जाळणं किंवा त्याची विटंबना करणं हा 1971 च्या राष्ट्रीय सन्मान कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी नव्या झेंड्याचा धागा ओढून जाळायला कुणाचं मन धजणार नाही. मग कापडाला धक्का न लावता करायची एकच तपासणी उरते, ती म्हणजे जवळून काढलेला फोटो.

या लेखात आपण अशा फोटोतून कापडाची वीण कशी वाचायची, धागे कसे मोजायचे आणि खादीची खूण नेमकी कुठे शोधायची ते पाहू. शेवटी पायथनचे छोटे तुकडे दिले आहेत. कोडिंग येत नसेल तरी अडचण नाही, अर्धं काम डोळ्यांनी होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

हा विषय आपल्या भागाच्या फार जवळचा आहे. देशात राष्ट्रध्वज बनवणाऱ्या मोजक्या खादी संस्थांमध्ये नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, आणि त्यासाठी लागणारं कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात विणलं जातं. सुती खादीच्या राष्ट्रध्वजासाठी आयएस 1 हे भारतीय मानक आहे. ते 1951 मध्ये आलं आणि 1968 मध्ये सुधारलं गेलं.

पूर्वी ध्वजसंहितेत फक्त हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या कापडाला जागा होती. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने यंत्रावर बनवलेलं आणि पॉलिस्टरचं कापडही चालू लागलं. त्यामुळे पॉलिस्टरचा तिरंगा आज बेकायदा नाही. प्रश्न एवढाच आहे की तुम्ही पैसे खादीचे देताय आणि घरी पॉलिस्टर तर नेत नाही ना.

खादी म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. सूत हाताने कातलेलं हवं आणि कापड हाताने विणलेलं हवं. गिरणीचं सूत हातमागावर विणलं तर ते हातमागाचं कापड झालं, खादी नाही. आपल्याला फोटोत या दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधायच्या आहेत.

वीण ओळखणं: पहिली पायरी

कापडात दोन प्रकारचे धागे असतात. मागावर लांबीच्या दिशेने ताणून बसवलेले उभे धागे म्हणजे ताणा, आणि त्यांच्यामधून आडवे जाणारे धागे म्हणजे बाणा. बाण्याचा धागा ताण्याच्या कोणत्या धाग्यावरून आणि कोणत्या धाग्याखालून जातो, त्यावर वीण ठरते.

साध्या विणीत तो एकावरून, एकाखालून, पुन्हा एकावरून असा जातो आणि पुढचा धागा बरोबर उलटा. फोटो मोठा करून पाहिला की बुद्धिबळाचा पट दिसतो.

ट्विलमध्ये तो दोन-तीन धागे ओलांडून एकाखाली जातो, आणि प्रत्येक ओळीत ही जागा एका धाग्याने सरकते. त्यातून तिरकी रेघ तयार होते. जीन्सच्या पँटवर जी तिरकी रेघ दिसते ती हीच.

साटीनमध्ये धागा चार किंवा त्याहून जास्त धाग्यांवरून मोकळा जातो, आणि तो जिथे खाली बुडतो त्या जागा मुद्दाम एकमेकींपासून लांब ठेवतात. म्हणून रेघ दिसत नाही. एकाच दिशेचे लांब धागे दिसतात आणि कापड चमकतं.

फोटोत तिरकी रेघ दिसली तर लगेच ट्विल म्हणू नका. घडी पडल्यामुळे किंवा कापड ओढल्यामुळे साधी वीणही तिरकी दिसते. एक धागा पकडा आणि तो किती धाग्यांवरून जाऊन मग खाली बुडतो ते मोजा. उत्तर एक आलं तर साधी वीण.

झेंड्याच्या अंगाचं कापड साध्या विणीचं असतं. त्याला खादी-बंटिंग म्हणतात. दोरी जिथून जाते ती बदामी रंगाची जाड पट्टी वेगळ्या कापडाची असते, तिला खादी-डक म्हणतात. तपासायचं ते अंगाचं कापड, पट्टीचं नाही.

आता खरी अडचण इथे आहे. खादी, गिरणीचं सुती कापड आणि पॉलिस्टर, तिन्ही झेंडे साध्या विणीचेच असू शकतात. त्यामुळे "साधी वीण" एवढं उत्तर मिळालं तर आपण अजून कुठेच पोचलेलो नाही. फरक विणीच्या नावात नसून धाग्यांमध्ये आणि त्यांच्यातल्या अंतरात आहे.

फोटो कसा काढायचा

दिवसा खिडकीजवळ उभे राहा. घरातल्या कुणाला तरी झेंडा खिडकीच्या काचेला सपाट धरायला सांगा, म्हणजे उजेड कापडाच्या मागून येईल. धाग्यांमधल्या फटी उजळ दिसतात आणि धागे गडद. पांढरा पट्टा निवडा, कारण त्यावर रंगाचा गोंधळ नसतो, पण अशोकचक्र टाळा. झेंडा जमिनीला टेकणार नाही याची काळजी घ्या. शेजारी काचेला एक स्टीलची पट्टी चिकटवा. तिच्यावरच्या मिलिमीटरच्या खुणा फोटोत आल्याच पाहिजेत, नाहीतर नंतर काहीच मोजता येणार नाही.

मोबाईल काचेला समांतर धरा आणि जितक्या जवळून फोकस होईल तितक्या जवळून फोटो घ्या. डिजिटल झूम वापरू नका, त्यातून नवी माहिती येत नाही.

दुसरा फोटो बाजूच्या उजेडात काढा. झेंड्याची मऊ घडी करा आणि घडीची कड काळ्या पार्श्वभूमीसमोर धरा. हा फोटो धाग्यावरचं तूस पाहण्यासाठी आहे.

फोटो कुणाला पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, आणि त्यातून काय घोटाळा होऊ शकतो ते आता पाहू.

मामांच्या शाळेचा झेंडा

माझे मामा लातूर जिल्ह्यात शिक्षक आहेत. शाळेसाठी त्यांनी 900 बाय 600 मिलिमीटरचा झेंडा "खादीचा" म्हणून घेतला आणि मला फोटो पाठवला. "बघ बरं, धागे कसे कमी-जास्त दिसतात. खादीच वाटते ना?" फोटोत खरंच लहरींसारखे जाड-बारीक पट्टे दिसत होते. हातमागाच्या कापडात असतात तसेच.

पण त्या फोटोचा हिशोब करून पाहा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो 1600 पिक्सेल रुंद होता आणि त्यात 900 मिलिमीटरचा पूर्ण झेंडा मावला होता. म्हणजे एका मिलिमीटरला पावणेदोन पिक्सेल. कापडात एका मिलिमीटरला तीन धागे असतील तर एका धाग्याच्या वाट्याला 0.6 पिक्सेल येतो. एक धागा आणि त्याशेजारची फट वेगळी दिसायला कमीत कमी 2 पिक्सेल लागतात, आणि नीट मोजायला 10 तरी हवेत. मोबाईलमधला 4000 पिक्सेलचा मूळ फोटो मिळाला असता तरी धाग्यामागे दीडच पिक्सेल आला असता.

अशा वेळी कॅमेरा धागे नुसते पुसून टाकत नाही, तो खोटी नक्षी तयार करतो. धाग्यांची जाळी आणि सेन्सरच्या पिक्सेलची जाळी एकमेकींवर पडली की मोठ्या लहरी उमटतात. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्या की दिसतात ना, तशाच. याला मोआरे म्हणतात. मामांना जी "खादीची लहर" दिसत होती ती कापडात नव्हतीच.

हे ओळखायची सोपी युक्ती आहे. मोबाईल थोडा फिरवा किंवा थोडा जवळ न्या. खरे धागे कापडासोबत राहतात आणि सेंटीमीटरला त्यांची संख्या बदलत नाही. मोआरेच्या लहरी मात्र लगेच दिशा आणि जाडी बदलतात.

मामांनी मग वर सांगितलं तसे फोटो काढून पाठवले. आता 4000 पिक्सेलमध्ये 80 मिलिमीटर कापड होतं, म्हणजे मिलिमीटरला 50 पिक्सेल. इथून पुढे मोजणी शक्य झाली.

धागे मोजणं: एफएफटी

यंत्रमागाच्या धंद्यात कापडाचा रीड-पिक मोजायला एक छोटं भिंग असतं. ते कापडावर ठेवून एका इंचातले धागे मोजतात. आपण तेच काम फोटोवर करतोय. एकेक धागा मोजायचा कंटाळा येत असेल तर फोरियर ट्रान्सफॉर्म वापरा. चित्रात एखादी गोष्ट ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर हे गणित ती उजळ ठिपक्याच्या रूपात दाखवतं.

```python
import numpy as np
from PIL import Image

img = np.asarray(Image.open("kapad.jpg").convert("L"), dtype=float)
a = img[500:1524, 500:1524]
w = np.hanning(1024)
b = (a - a.mean()) * np.outer(w, w)
F = np.abs(np.fft.fftshift(np.fft.fft2(b)))
Image.fromarray((255 * np.log1p(F) / np.log1p(F).max()).astype("uint8")).save("fft.png")
```

`fft.png` उघडा. मधोमध केंद्र असेल. तिथून सरळ वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे जे ठळक ठिपके आहेत ते धाग्यांमधल्या अंतराचे. मामांच्या फोटोत असा ठिपका केंद्रापासून 61 पिक्सेलवर होता. 1024 ला 61 ने भागलं की 16.8 पिक्सेल. म्हणजे साधारण 0.34 मिलिमीटरला एक धागा, सेंटीमीटरला जवळजवळ 30.

साध्या विणीत चारही कोपऱ्यांच्या दिशांनाही ठिपके दिसतात. प्रत्येक अक्षावर मोजलं तर ते निम्म्या अंतरावर असतात, कारण बुद्धिबळाच्या पटाची नक्षी दर दोन धाग्यांनी पुन्हा येते. हे ठिपके धरून धागे मोजले तर संख्या कमी येईल, म्हणून सरळ अक्षावरचेच ठिपके घ्या. पण या तिरक्या ठिपक्यांचा एक फायदा आहे. साध्या विणीत ते दोन्ही तिरक्या दिशांना सारखे असतात. ट्विलमध्ये एकाच तिरक्या दिशेला ठळक असतात, कारण रेघ एकाच बाजूला झुकलेली असते. डोळ्यांना शंका आली तर वीण अशी पक्की करता येते.

खादीची खूण: अंतर किती डगमगतं

हातमागावर विणकर प्रत्येक आडवा धागा हाताने ठोकून बसवतो. ठोका दर वेळी तंतोतंत सारखा पडत नाही, म्हणून आडव्या धाग्यांमधलं अंतर कमी-जास्त होतं. उभे धागे मात्र फणीच्या दातांमधून येतात, त्यांच्यातलं अंतर फणी सांभाळते. म्हणजे एका दिशेला नियमितपणा आणि दुसऱ्या दिशेला डगमग, ही हातविणीची खूण. शिवलेल्या झेंड्यात ताणा कोणता आणि बाणा कोणता हे चटकन कळत नाही, म्हणून दोन्ही दिशांना मोजा.

```python
from scipy.signal import find_peaks

p = a[:, 400:500].mean(axis=1)
gap = np.diff(find_peaks(p, distance=10)[0])
print(gap, gap.std() / gap.mean())
```

`distance` मध्ये सरासरी अंतराच्या साधारण 60 टक्के आकडा टाका. दुसऱ्या दिशेसाठी `a` च्या जागी `a.T` घ्या.

तुलनेसाठी माझ्याकडे नांदेडच्या खादी भांडारातून घेतलेला झेंडा होता. त्याचा फोटो त्याच पद्धतीने, तेवढ्याच अंतरावरून काढला. त्यात सलग सहा अंतरं पिक्सेलमध्ये अशी आली: 21, 28, 24, 31, 22, 26. सरासरीच्या तुलनेत चढउतार 14 टक्क्यांच्या आसपास. मामांच्या झेंड्यात दोन्ही दिशांना 16, 17, 17, 16, 17, 17 असं चाललं होतं, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. पिक्सेल पूर्णांकात मोजले जातात, त्यामुळे एवढा फरक तर मोजणीतच येतो. थोडक्यात, त्या कापडात डगमग नव्हतीच.

हे 14 आणि 3 आकडे पाठ करू नका. तुमचा फोटो, तुमचं कापड वेगळं असेल. ज्याबद्दल खात्री आहे असा एक खादीचा तुकडा घ्या, त्याच पद्धतीने फोटो काढा आणि दोघांची तुलना करा. मोबाईल तिरका धरला गेला तरी अंतरं बदलतात, पण तो बदल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू वाढत जातो. हातविणीतला बदल शेजारच्या शेजारी होतो: एक अंतर लहान, लगेच पुढचं मोठं.

धागा स्वतः काय सांगतो

आता घडीच्या कडेचा दुसरा फोटो पाहा. सुती धागा कापसाच्या आखूड तंतूंना पीळ देऊन बनतो, त्यामुळे तंतूंची टोकं बाहेर डोकावतात. काळ्या पार्श्वभूमीवर हे तूस स्पष्ट दिसतं. पॉलिस्टरचे अखंड तंतू मैलोन्मैल न तुटता जातात. त्यांना टोकंच नाहीत, म्हणून कड गुळगुळीत दिसते आणि धाग्यावर चमकेची बारीक रेघ असते. मामांच्या झेंड्याची कड गुळगुळीत होती.

तूस दिसलं तर एकच धागा पकडा आणि दोन-तीन सेंटीमीटर लांबीत त्याची जाडी दहा ठिकाणी मोजा. हातकताईचं सूत सतत थोडं जाड, थोडं बारीक होत राहतं. गिरणीचं सूत लांबवर एकसारखं असतं.

मामांच्या बाबतीत उत्तर स्वच्छ होतं. तूस नाही, दोन्ही दिशांना अंतर एकसारखं, धाग्याला चमक. झेंडा पॉलिस्टरचा. मी त्यांना सांगितलं, "मामा, हा फडकवायला काही अडचण नाही, चालतो. पण पैसे खादीचे गेलेत." मामा दोन्ही फोटो घेऊन दुकानात गेले आणि वरचे पैसे परत घेऊन आले.

फोटो कुठे फसतो

उत्तर दर वेळी इतकं स्वच्छ मिळत नाही. पॉलिस्टरचे आखूड तुकडे करून त्यांचंही सूत कातलं जातं, आणि त्यावर सुतासारखंच तूस असतं. म्हणजे तूस नसलं तर सुती खादी नाही हे पक्कं, पण तूस असलं म्हणून कापूसच असं नाही.

गिरण्या मुद्दाम जाड-बारीक धागाही बनवतात. त्याला स्लब यार्न म्हणतात आणि तो खादीसारखा दिसावा म्हणूनच वापरला जातो. त्यात मधूनमधून जाड गाठीसारखे भाग येतात, पण दोन जाड भागांमधला धागा अगदी एकसारखा असतो. हातसुतात असा सपाट भाग सहसा सापडत नाही. उलट बाजूला, अंबर चरख्यावर कुशल हाताने कातलेलं सूत इतकं सारखं येऊ शकतं की फोटोत ते गिरणीचं वाटेल. हात बसलेल्या विणकराचा ठोकाही बराच नियमित पडतो.

म्हणून या तपासणीचा निष्कर्ष नीट वाचा. गुळगुळीत, चमकदार अखंड धागा दिसला की फोटो खात्रीने "नाही" म्हणू शकतो. तूस, डगमगतं अंतर आणि जाड-बारीक धागा तिन्ही दिसले तर तो फक्त "असू शकते" एवढंच म्हणतो. "हो" म्हणायला कागद लागतो: झेंड्यावर खादी मार्क किंवा आयएस 1 चा शिक्का आहे का आणि बिलावर "खादी" हा शब्द लिहिलाय का, ते पाहा. दुकानदार तोंडी खादी म्हणतो पण बिलावर नुसतं "ध्वज" लिहितो, तर फोटो काढायच्या आधी बिलावर तो शब्द लिहून मागा.